कानाचं मशीन : पहिला महिना आणि तक्रारींची वही

बडोद्याच्या खंडेराव मार्केटमध्ये भाजीवाली "साठ" म्हणायची आणि मला "आठ" ऐकू यायचं. दोन वर्षं मी तिच्याशी आणि घरच्यांशी वाद घातला की हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. मग सुनेने धरून तपासणीला नेलं. आज मशीन लावून दीड वर्ष झालं. दांडिया बाजारातल्या आमच्या ओळखीत कुणी नवं मशीन घेतलं की पहिला फोन मला येतो, आणि मी तेच तेच सांगते. म्हणून एकदाच लिहून ठेवलं.

एक गोष्ट आधी. मशीन दुकानातून आणलं की बसलं, असं होत नाही. चष्म्याचा नंबर बरोबर असला की पहिल्या दिवसापासून दिसतं. मशीन मात्र तीन-चार फेऱ्यांत कानाला जुळवून घ्यावं लागतं, आणि ते जुळवणाऱ्याला तुमची तक्रार नेमकी कळली तरच ते जमतं. "नीट ऐकू येत नाही" एवढंच सांगितलंत तर तो काय बदलणार? म्हणून पहिल्या दिवसापासून एक छोटी वही ठेवा. खालचं सगळं त्या वहीभोवतीच आहे.

१. मशीन घेण्याआधी

पहिल्यांदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. मळाचा खडा अडकलेला असेल तर निम्मं बहिरेपण तिथेच उतरतं. मग ऑडिओलॉजिस्टकडे बंद खोलीत तपासणी होते. बारीक 'टूं' ऐकू आलं की बटण दाबायचं. त्याचा कागद निघतो, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. त्यावर लाल गोल म्हणजे उजवा कान आणि निळी फुली म्हणजे डावा. खुणा जितक्या खाली, तितकं कमी ऐकू येतं.

माझ्या कागदावर डाव्या बाजूला, म्हणजे जाड आवाजांकडे, खुणा 25-30 डेसिबलवर होत्या आणि उजवीकडे, बारीक आवाजांकडे, 65 पर्यंत घसरत गेल्या होत्या. म्हातारपणाच्या बहिरेपणाचं हे नेहमीचं चित्र. आ, ओ, ऊ हे स्वर जाड आवाजात असतात, ते येतात. स, श, च, थ, फ हे बारीक आणि हलके, ते गळून पडतात. "साठ"मधला स गळला की उरतो "आठ". भाजीवालीचा काही दोष नव्हता. "ऐकू येतं पण कळत नाही" हे आपलं म्हणणं शब्दशः खरं असतं.

सापळा इथेच आहे. जाहिरात बघून मागवलेली, कुरिअरने येणारी स्वस्त यंत्रं जाड-बारीक सगळेच आवाज सरसकट मोठे करतात. माझ्यासारखीला जाड आवाज मोठे करून द्यायची गरजच नाही, उलट त्रास होतो. ऑडिओग्राम न बघता कुणी मशीन देत असेल तर उठून या. तपासणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का तेही विचारा. विचारायला लाजू नका, तो भिंतीवरच्या प्रमाणपत्रात असतो.

सोबत न्यायचे कागद :

- ऑडिओग्राम, जुना असेल तर तोही
- कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी
- चालू औषधांची यादी
- आधार कार्ड, आणि सरकारी योजनेतून घ्यायचं असेल तर उत्पन्नाचा दाखला
- दोन्ही कानांचं नुकसान 60 डेसिबल किंवा जास्त असेल तर दिव्यांग दाखल्यासाठी डॉक्टरांना विचारा. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजनेतही श्रवणयंत्र बसतं
- आणि घरातलं एक माणूस, ज्याचा आवाज तुम्ही रोज ऐकता

यादीतलं शेवटचं कागद नाही, माणूस आहे, पण सगळ्यात कामाचं तेच. तिथल्या माणसाचं स्वच्छ, सावकाश बोलणं सगळ्यांनाच कळतं. तुम्हाला सुनेचं आणि नातवाचं कळतंय का, ते तिथेच बघा.

२. बसवण्याच्या दिवशी

मी जिथून मशीन घेतलं तिथे पंधरा मिनिटांत उरकलं होतं. कानात घातलं, "ऐकू येतं का आजी?" म्हणाले, मी हो म्हटलं, बिल झालं. घरी आल्यावर कळलं की मला ते स्वतःच्या हाताने घालताच येत नाही. म्हणून खुर्चीतून उठण्याआधी या चार गोष्टी स्वतःच्या हाताने करून दाखवा, पाहत बसू नका : घालणं, काढणं, बॅटरी बदलणं (किंवा चार्जरमध्ये नीट ठेवणं), आणि टोकावरची मळ अडवणारी जाळी बदलणं.

लाल ठिपका उजव्या कानाचा, निळा डाव्या कानाचा. घालताना दुसऱ्या बाजूच्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, नळी सरळ होते आणि टोक अलगद आत जातं. घरी हे पलंगावर बसून करा. न्हाणीघरात बेसिनसमोर उभं राहून करायचं असेल तर बेसिनमध्ये टॉवेल अंथरा. फरशीवर पडलेलं मशीन दुरुस्तीला जातं, पलंगावर पडलेलं नाही. चष्मा काढताना दोन्ही हातांनी सरळ पुढे काढा. एका हाताने बाजूला ओढलात की मशीनही त्याबरोबर येतं. मास्कच्या दोरीचंही तेच.

बटणासारख्या बॅटऱ्यांवर रंगीत चिकटपट्टी असते. 10 नंबरला पिवळी, 312 ला तपकिरी, 13 ला केशरी, 675 ला निळी. रंग लक्षात ठेवला की औषधाच्या दुकानात चूक होत नाही. पट्टी काढली की बॅटरी हवा घेऊन सुरू होते, म्हणून काढल्यावर मिनिटभर थांबून मगच आत घाला. पट्टी परत चिकटवून बॅटरी वाचत नाही. मी आठवडाभर तो उद्योग केलेला आहे.

तिथे एक प्रश्न जरूर विचारा : कानात बारीक नळी घालून मशीनचा आवाज पडद्याजवळ मोजायची सोय आहे का? असेल तर मोजून घ्या. प्रत्येकाच्या कानाची पोकळी वेगळी, त्यामुळे कॉम्प्युटरवर दिसणारा आकडा आणि कानात पोचणारा आवाज यांत फरक पडतो. बिलावर दोन्ही मशीनचे क्रमांक, वॉरंटीची तारीख आणि पुढच्या किती फेऱ्या त्याच पैशांत आहेत, हे लिहून घ्या.

३. पहिला महिना

मेंदूला कित्येक वर्षं न ऐकलेले आवाज एकदम मिळतात. फ्रिजची घरघर, वर्तमानपत्राची चुरचुर, स्वतःच्या चपलांचा फटफट आवाज, पंखा. पहिल्या सकाळी मला वाटलं नळ गळतोय. ते घड्याळ होतं. कामाचा आवाज कोणता आणि सोडून द्यायचा कोणता, हे मेंदू हळूहळू परत शिकतो, आणि त्याला आठवडे लागतात. म्हणून अशी चढण घ्या :

पहिले तीन दिवस सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. दार लावून, एकच माणूस समोर, टीव्ही बंद. पेपर मोठ्याने वाचा, म्हणजे स्वतःच्या आवाजाची सवय होते. नवा आवाज आला की विचारा, "हे काय वाजतंय?" एकदा नाव कळलं की तो आवाज छळायचा थांबतो.

चौथ्या दिवसापासून तीन-चार तास, आता स्वयंपाकघर आणि टीव्ही. टीव्हीचा आवाज घरच्या कुणाला त्यांच्या सोयीने ठेवू द्या, रिमोट आपल्या हातात घेऊ नका.

दुसऱ्या आठवड्यात दोन माणसांत बसा आणि फोनवर बोला. कानामागचं मशीन असेल तर फोन कानाच्या भोकाशी नव्हे, वर, मशीनच्या माइकजवळ धरायचा. हे कळेपर्यंत मी मावसबहिणीला तीनदा "लाइन खराब आहे" म्हणून ठेवून दिलं.

तिसऱ्या आठवड्यात बाजार, देऊळ, लग्नाचं जेवण. चौथ्यापासून सकाळी तोंड धुतल्यावर घालायचं ते रात्री झोपतानाच काढायचं.

दमल्यासारखं वाटलं तर काढून तासभर विश्रांती घ्या, पण दिवस बुडवू नका. आणि खोटं सांगू नका, सापडतं. पहिल्या फेरीला मी ठणकावून सांगितलं की रोज सहा तास घालते. तिथल्या मशीन जुळवणाऱ्या मुलीने ते कॉम्प्युटरला जोडलं आणि शांतपणे म्हणाली, "काकू, सरासरी एक तास चाळीस मिनिटं दिसतंय." मशीन तास मोजून ठेवतं, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. पण तिचं म्हणणं बरोबर होतं. दीड तासात कान सरावत नाही, आणि न सरावलेल्या कानाच्या तक्रारीवरून मशीन बदललं तर ते चुकीच्या दिशेने बदलतं.

४. तक्रारी, आणि त्या कशा सांगायच्या

वहीत प्रत्येक तक्रारीसमोर तीन गोष्टी लिहा : कुठे, कोणता आवाज, आणि मशीन बंद करून किंवा हात लावून काय फरक पडला. माझ्या वहीतली पानं दाखवते.

*तिसरा दिवस. "बोलले की डोकं घागरीत घातल्यासारखं घुमतं. चावतानाही."* ही पहिली आणि सगळ्यांची तक्रार. याची कारणं दोन, आणि ती ओळखायची परीक्षा घरीच होते. मशीन कानात तसंच ठेवून बंद करा आणि "ईऽऽ", "ऊऽऽ" म्हणा. तरीही घुमलं तर दोष आवाजाचा नाही. कान बुचासारखा बंद झालाय आणि आपलाच आवाज हाडातून येऊन आत कोंडतोय. बंद केल्यावर घुमणं गेलं तर मशीन जाड आवाज जास्त वाढवतंय. माझं बंद करूनही घुमत होतं. वहीतलं हे वाक्य वाचून त्या मुलीने काहीही न विचारता कानातलं बंद रबरी टोक काढून छिद्रांचं उघडं टोक बसवलं. दोन मिनिटांचं काम. माझे जाड आवाज मुळात बरे असल्यामुळे हे चाललं. ज्यांना जाड आवाजही कमी येतात त्यांना उघडं टोक पुरत नाही. त्यांच्यासाठी कानाच्या मापाचा साचा करून त्यात बारीक भोक ठेवतात.

*सहावा दिवस. "स्टीलची ताटली ओट्यावर ठेवली की डोळे मिटतात. पण सून हॉलमधून हाक मारते ती कळत नाही."* इथे बहुतेक जण चूक करतात आणि म्हणतात, "आवाज कमी करा." सगळाच आवाज कमी केला की सुनेची हाक आणखी लांब जाते, आणि मग मशीन कपाटात जाऊन बसतं. म्हाताऱ्या कानाचा स्वभावच असा की हळू आवाज येत नाहीत आणि मोठे एकदम अंगावर येतात, मधली जागा अरुंद. मशीनमध्ये हळू, मध्यम आणि मोठ्या आवाजांची वाढ वेगवेगळी ठरवता येते. माझ्या दोन ओळी वाचून तिने मोठ्या आवाजाची कमाल मर्यादा खाली आणली आणि हळू आवाजाला हात लावला नाही. म्हणून वहीत जोडी लिहा : काय जास्त होतं आणि त्याच वेळी काय कमी पडतं.

ताटली पुढेही थोडी खणखणीत राहिलीच. ती सगळ्यांनाच खणखणीत वाजते, आपण विसरलो होतो.

*दहावा दिवस. "उजव्यात शिट्टी."* नात गळ्यात पडली, कानावर हात गेला, उशीला टेकलं, की शिट्टी होणारच, तो दोष नाही. बाहेर पडलेला आवाज माइकमध्ये परत शिरतो. पण नुसतं बसल्याबसल्या शिट्टी आली तर बोटाने टोक हलकेच आत दाबा. थांबली तर टोक नीट बसलेलं नाही किंवा सैल आहे. दाबूनही थांबली नाही तर कानात मळ आहे का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. मशीन कानातून काढून आवाजाचं भोक बोटाने पक्कं बंद करा. तरीही शिट्टी आली तर बिघाड मशीनच्या आत आहे, दुरुस्तीला द्या. माझं नीट बसलेलं नव्हतं, इतकंच.

*सोळावा दिवस. "कानामागे ठसठस."* खाज पहिल्या दिवसांत येते आणि कमी होते. दुखणं हा सवयीचा भाग नाही. लाल झालं, सोललं, तर मशीन काढा आणि त्याच आठवड्यात दाखवा. माझ्या उजव्या मशीनची तार आखूड होती, एक माप लांब लावल्यावर थांबलं. साचा असेल तर टोचणारी जागा घासून देतात. खाजेसाठी कानात तेल किंवा पिन घालायची नाही.

*बाविसावा दिवस. "खंडेराव मार्केटमध्ये नुसता गोंगाट."* याचं उत्तर पूर्ण मिळत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. मशीन आवाज वाढवतं, पण आतल्या कानाच्या झिजलेल्या पेशी परत आणत नाही. त्या जितक्या कमी, तितकी शब्दांची स्पष्टता कमी, आणि गोंगाटात ते जास्त उघडं पडतं. समोरचा माणूस हात-दोन हातांच्या अंतरावर, तोंड दिसेल असा, आणि गोंगाट तुमच्या पाठीशी, असं उभं राहिलं की खूप फरक पडतो, कारण बरीच मशीनं समोरचा आवाज धरून मागचा दाबतात. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर आणि उत्तरायणाला गच्चीवरच्या स्पीकरशेजारी मी मशीन सरळ काढून डबीत ठेवते.

५. रोजची निगा

आंघोळीला, डोक्याला तेल लावताना, केस रंगवताना, पावडर लावताना मशीन बाहेर. तेल लावलेला हात धुऊन मगच मशीनला हात लावा. एमआरआयच्या खोलीत ते कधीही नेऊ नका.

रात्री पाच मिनिटं द्या. कोरड्या मऊ कापडाने पुसा. टोक खाली धरून बारीक ब्रशने झाडा. वर धरून झाडलंत तर मळ आतच पडतो. पाणी, स्पिरिट, केस वाळवायचं यंत्र, काही नको. साचेवालं मशीन असेल तर फक्त साचा नळीसकट सुटा करून कोमट साबणपाण्यात धुता येतो. तो रात्रभर वाळल्यावर आणि नळीतलं पाणी फुंकण्याच्या रबरी गोळ्याने काढल्यावरच परत जोडा. नळी कडक आणि पिवळी झाली की बदला.

बडोद्याच्या पावसाळ्यात खरा शत्रू दमट हवा आहे. मशीनच्या बॅटरीचं झाकण उघडं करून ते सिलिका जेलच्या दाण्यांच्या डबीत ठेवा. बटणबॅटरी काढून बाहेर ठेवा, डबीत तीही सुकते. दाण्यांचा रंग बदलला की दाणे बदला. चार्जिंगचं मशीन असेल तर रात्री चार्जरमध्ये ठेवल्यावर दिवा लागलाय ना, हे बघूनच पाठ फिरवा. उन्हात उभ्या गाडीत ते ठेवू नका.

मशीन एकदम मुकं झालं तर या क्रमाने बघा : बॅटरीचं झाकण नीट लागलंय का, नवी बॅटरी घालून चालतं का, टोकाची मळाची जाळी भरली आहे का. माझ्या दर पाचांतल्या चार 'बिघाडां'त जाळीच भरलेली निघाली. जाळी बदलूनही बंदच राहिलं तर दुकान गाठा.

वापरलेल्या बॅटऱ्या औषधाच्या गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवू नका, आकार सारखाच असतो. लहान मुलाने बॅटरी गिळली असं नुसतं वाटलं तरी थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. अन्ननलिका काही तासांतच भाजते. घरात कुत्रा असेल तर मशीनही उंचावर ठेवा, कानाच्या वासाने ते चावतात.

६. वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं केव्हा

कानातून पू किंवा पाणी आलं, कान दुखला, चक्कर यायला लागली, किंवा एकाच कानात नव्याने आवाज सुरू झाला, तर मशीनवाल्याकडे नाही, कानाच्या डॉक्टरांकडे जा. आणि एका कानाचं ऐकू येणं अचानक, तासाभरात किंवा एका रात्रीत गेलं, तर मशीन बिघडलं असेल म्हणून बॅटऱ्या बदलत बसू नका. मशीन काढून दोन्ही कानांजवळ आळीपाळीने बोटं चोळून बघा. एका बाजूला काहीच आलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. यावर औषध आहे, पण ते जितकं लवकर सुरू होईल तितकं जास्त चालतं.